मदत हवी आहे: सर्पदंशाच्या स्टडीची डेटा डिक्शनरी कशी करू? अर्जंट!

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. मिरजेला मेडिसिनला रेसिडेंट आहे. थीसिसचा डेटा एक्सेलमध्ये आहे पण स्टॅटिस्टिक्सवाले सर म्हणतात डेटा डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक कॉलमचं नाव, अर्थ, युनिट, दिल्याशिवाय मी फाईल उघडणार पण नाही. गाईड रजेवर. व्हेरिएबलची यादी आहे माझ्याकडं पण काही ठिकाणी कोड आहेत काही ठिकाणी शब्द, युनिट कुठं लिहिलंय कुठं नाही. कुणाकडं रेडीमेड फॉरमॅट असेल तर टाका प्लीज, मी भरून देतो आणि विषय संपवतो.

सदाशिवगड
फॉरमॅट देतो पण आधी सांगा तरी, स्टडी कशावर, पेशंट किती, एंट्री कुणी केली, प्रोफॉर्मा छापील होता का. यादी म्हणजे काय यादी, ते बघितल्याशिवाय कोण काय सांगणार.

हिंजवडी_रिटर्न
सोपं आहे. SE11 टाका, टेबलचं नाव द्या, डिस्प्ले दाबा. डोमेन आणि डेटा एलिमेंट आधी बनवायचे मग टेबल. आम्ही कंपनीत रोज करायचो.

वारणाकाठ
सॅप नाहीये हो दादा, हॉस्पिटलचं एक्सेल आहे.
सर्पदंशाचे ॲडमिट पेशंट आहेत, साधारण दीडशे. ॲडमिशनचे टेस्ट, एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन किती दिलं, किडनीवर परिणाम झाला का, एवढंच. प्रोफॉर्मा छापील आहे. ही बघा शीट, मधल्या पाच ओळी टाकतो, नावं काढलीत:

```
snake  BTN   wbct1  urea  creat  plt    asv  outcome
1      3     1      48    1.2    1.8    10   1
2      45    2      22    1.1    95000  20   1
1      2.30  +ve    131   4.6    0.62   99   3
घोणस    90    NC     19    0.9    210    0    2
4      999   2      ND    1.0    1.45   10   DAMA
```

आता सांगा. BTN म्हणजे बाइट टू नीडल, चावल्यापासून एएसव्हीच्या पहिल्या सुईपर्यंतचा वेळ, बाकी तर कळतंयच.

सदाशिवगड
बाकी काहीच कळत नाहीये 😄 हे सगळं रेडकॅप या डेटा एंट्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. तिथं डिक्शनरी आपोआप तयार असते, ऑप्शन सोडून दुसरं काही टाइपच करता येत नाही, रेंज लावता येते. माझ्या एमपीएचच्या प्रोजेक्टला तेच वापरलं, एक्सेलला हातही लावला नाही. संस्थेकडं लायसन्स असेल तर फुकट आहे.

मीनाक्षी_विश्रामबाग
सदाशिवगड, रेडकॅप उद्याच्या एंट्रीसाठी चांगलं आहे. यांचा डेटा झालाय गोळा करून. "+ve" आणि "NC" रेडकॅपला घेता येणार नाही म्हणून ते म्हणजे काय हा प्रश्न सुटत नाही ना.

वारणाकाठ, मी क्लिनिकल ट्रायलच्या डेटावर काम करते. फॉरमॅट राहू दे बाजूला, तो अर्ध्या तासाचा खेळ आहे. पहिलं काम म्हणजे ही फाईल आहे तशी एका बाजूला ठेवा, तिच्यात एकही आकडा दुरुस्त करू नका. नावं आणि इनपेशंट नंबर वेगळ्या फाईलीत काढा, मूळ फाईलीत नुसता अनुक्रमांक, आणि ती जोडणारी फाईल गाईडकडं. मग प्रत्येक कॉलममध्ये वेगवेगळ्या किंमती कोणत्या आहेत आणि प्रत्येक किती वेळा आलीय ते काढा. प्रोफॉर्मात काय असायला हवं होतं ते नको, शीटमध्ये खरंच काय आहे ते. एक्सेलमध्ये पिव्होट केलं तरी चालतं, आर येत असेल तर

```
d <- read.csv("snake_raw.csv", colClasses = "character")
lapply(d[c("snake","wbct1","outcome")], table, useNA = "ifany")
```

सगळं अक्षर म्हणून वाचायचं, नाहीतर 2.30 चं 2.3 होऊन बसतं आणि मग तुमचा BTN गेला.

आणि हे सांगा: `bite_time` आणि `asv_time` असे वेगळे कॉलम आहेत का? एंट्री एकट्यानं केली का दोघातिघांनी?

वारणाकाठ
आहेत वेळेचे कॉलम, तारखेशिवाय. एंट्री आधी माझ्या सिनियरनं केली, ते पास होऊन गेले, नंतर इंटर्न लोकांनी.
BTN मध्ये काय अडचण? तीन म्हणजे तीन तास, पंचेचाळीस म्हणजे मिनिटं. उघड आहे.

मीनाक्षी_विश्रामबाग
उघड नाहीये. जत-आटपाडीकडून फिरत फिरत येणारा पेशंट पंचेचाळीस तासांनी पण पोचतो, तुम्हीच बघितले असतील. आणि 2.30 म्हणजे दोन तास तीस मिनिटं का अडीच तासाच्या जरा कमी? दशांशात धरलं तर ती 138 मिनिटं होतात.
त्या ओळीच्या दोन्ही वेळा टाका.

वारणाकाठ
चावला 23:40, एएसव्ही 02:10.

मीनाक्षी_विश्रामबाग
म्हणजे 150 मिनिटं. ज्यानं लिहिलं त्यानं तास टिंब मिनिटं असं लिहिलंय. तर `BTN` हा कॉलम डिक्शनरीत "मूळ, वापरू नये" म्हणून ठेवा आणि नवीन `btn_min` वेळांवरून काढा, मिनिटांत. मध्यरात्र ओलांडली की वजाबाकी उणे येते, तिथं 24 तास मिळवायचे. आता तारीख नसल्यामुळं दुसऱ्या दिवशी आलेला पेशंट पण याच नियमानं काही तासांचा दिसेल, म्हणून `btn_min` आणि जुना `BTN` जिथं कुठल्याच वाचनात जुळत नाहीत तेवढेच केस पेपर काढा. सगळे काढायची गरज नाही.

वेळच नसेल तर रिकामं ठेवायचं आणि का रिकामं त्याचा कोड. तो कोड 99 नको हं. 99 मिनिटं ही खरी वेळ असू शकते.

नागझरी
मी सर्पमित्र आहे, शिराळा तालुका. डॉक्टर, तुमचं ते `snake` कॉलम बघून राहवलं नाही. 1 कोण 2 कोण? आणि घोणस आहे हे ठरवलं कुणी? आमच्याकडं निम्मी लोकं कुठलाबी जाड ठिपक्याचा साप दिसला की घोणस म्हणतात. डुरक्या घोणस म्हणून बिनविषारी असतो, तो दिसायला सेम, त्याला मारून पिशवीत घालून दवाखान्यात आणतात. आणि उलटं पण होतंय, खरी घोणस असते आणि म्हणतात अजगराचं पिल्लू होतं.

वारणाकाठ
1 घोणस 2 फुरसे 3 नाग 4 मण्यार. पेशंट सांगेल ते लिहिलंय बहुतेक.

नागझरी
मग ते चार कोड नाहीत, पेशंटचा अंदाज आहे. मण्यार तर रात्री झोपेत चावते, कितीतरी जणांना साप दिसतच नाही, दात उमटलेलं सुद्धा कळत नाही. त्यांनी काय सांगितलं असंल?

इस्लामपूरकर
शिराळ्याचा विषय निघालाच आहे तर नागपंचमीला आता पूर्वीसारखी मजा राहिली नाही. कोर्टाच्या बंदीआधी आम्ही लहानपणी चालत जायचो बघायला

सदाशिवगड
धागा कुठं चाललाय. नागपंचमीचा वेगळा काढा.

मीनाक्षी_विश्रामबाग
नागपंचमी सोडा पण नागझरी दादा एकदम मुद्द्याचं बोलले. `snake` शेजारी `snake_src` हवा: साप आणला आणि डॉक्टरनं ओळखला, फोटोवरून, पेशंटनं सांगितलं, दिसला नाही. हे केस पेपरात बऱ्याचदा लिहिलेलं असतं, "साप दिसला नाही" असं पहिल्याच ओळीत. आणि यादीत पाचवा कोड "अज्ञात" दिसत नाही, तो नसला की इंटर्न काहीतरी निवडतोच.

रिटायर्ड_लॅबवाले
मी 30 वर्षं लॅबमध्ये काढली, तुम्ही साप बघताय, मी आकडे बघतोय. तुमच्या `urea` कॉलममध्ये दोन वेगळ्या टेस्ट आहेत. 22 आणि 19 हे बीयूएन आहे, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, 48 आणि 131 युरिया. रात्रीचं सँपल बाहेरच्या लॅबला जात असणार, तिथलं मशीन बीयूएन देतं, दोन्हीचं युनिट मिग्रॅ/डेसीलिटरच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. 30 च्या खालचे सगळे 2.14 नं गुणा, झालं काम. 22 चे 47 होतात, बरोबर बसतंय.

वारणाकाठ
रात्री बाहेरच्या लॅबला जातं हे खरंय! काका भारी. मग 30 च्या खालचे गुणून टाकतो.

मीनाक्षी_विश्रामबाग
थांबा थांबा. काकांचं निदान बरोबर आहे, औषध चुकीचं. युरिया नॉर्मल माणसाचा 15 ते 40 असतो, बीयूएन 7 ते 20. धडधाकट शेतकऱ्याचा युरिया 22 असूच शकतो, तुम्ही त्याचा 47 करून त्याला आजारी पाडाल. आणि किडनी बसलेल्याचं बीयूएन 60 असेल तर ते 30 च्या वर म्हणून तसंच राहील, म्हणजे जो खरा आजारी त्याचाच आकडा निम्मा.

याच शीटमधलं `plt` बघा म्हणजे फरक कळेल. तिथं 1.8 आहे, 210 आहे, 95000 आहे. लाखात, हजारात आणि पूर्ण आकड्यात. पण प्लेटलेट 1.8 हजार किंवा 210 लाख असणं शक्य नाही, त्यामुळं आकडाच स्वतःचं युनिट सांगतो. 180000, 210000, 95000 करा, नियम डिक्शनरीत लिहा. फक्त 5-6 च्या आसपासचे तपासा, ते लाखात असले तर बरे आणि हजारात असले तर पेशंट रक्तस्रावात आहे. युरियाच्या दोन्ही रेंज एकमेकांत घुसतात, तिथं आकडा बघून काही ठरत नाही.

रिटायर्ड_लॅबवाले
मॅडम, क्रिएटिनिनशी भागून बघा की. युरिया असेल तर गुणोत्तर मोठं येतं, बीयूएन असेल तर लहान. 48 भागिले 1.2 म्हणजे 40. 22 भागिले 1.1 म्हणजे 20. आम्ही असंच पकडायचो.

मीनाक्षी_विश्रामबाग
काका, संशय घ्यायला उत्तम. पण 131 भागिले 4.6 म्हणजे 28, आता हे कुठल्या बाजूचं? क्रिएटिनिन चढलं की गुणोत्तर खाली येतं, पेशंट कोरडा पडला असेल, उलट्या झाल्या असतील तर वर जातं. गुणोत्तरावरून शंकेची यादी करा, निकाल रिपोर्टच्या कागदावरून. रिपोर्टवर लॅबचं नाव छापलेलं असतं, टेस्टचं नाव पण. `urea_test` असा कॉलम करा, 1 युरिया, 2 बीयूएन, आणि ज्यांचा कागदच नाही ते "माहीत नाही". गुणाकार फक्त 2 असलेल्यांचा.

खरं तर मी तुमच्या जागी असते तर युरिया मुख्य ॲनालिसिसमधून काढूनच टाकला असता. किडनीचं निदान केडिगोच्या निकषांप्रमाणं क्रिएटिनिन आणि लघवीवर होतं, युरियाचं तिथं काम नाही.

रिटायर्ड_लॅबवाले
काढून कशाला टाकायचा? पेशंटच्या दंडातून काढलेलं रक्त आहे ते. तुम्ही कॉम्प्युटरवाले लगेच डिलीट करता.

मीनाक्षी_विश्रामबाग
डिलीट नाही काका, मूळ फाईलीत राहतोच.

तासगाव_एक्स्प्रेस
माझ्या बायकोची पण थीसिस आहे, पॅथॉलॉजी. लघवीच्या पस सेल्सना 2-4 टाइप केलं की एक्सेल 02-Apr करतंय. उपाय काय? टेक्स्ट केलं तर 45384 असं काहीतरी येतंय.

सदाशिवगड
टाइप करायच्या आधी कॉलम टेक्स्ट करायचा. आता झालेल्यांना काही उपाय नाही, 2 एप्रिल परत 2-4 करता येईल पण ज्यानं 4-2 टाइप केलं असेल ते वेगळं. दोन कॉलम करा, खालचा आणि वरचा. आणि हा धागा सापाचा आहे 🙏

वारणाकाठ
ठीक आहे, आता `wbct1`, रक्त गोठतं का ती टेस्ट. 1 म्हणजे पॉझिटिव्ह, 2 निगेटिव्ह, +ve तर झालंच 1. NC म्हणजे नॉट क्लॉटेड. हे तरी सरळ आहे ना.

सदाशिवगड
सरळ आहे. 1 म्हणजे ॲबनॉर्मल, रक्त गोठलं नाही. सगळीकडं 1 म्हणजे होकार असतो.

मीनाक्षी_विश्रामबाग
सदाशिवगड, "पॉझिटिव्ह" म्हणजे टेस्ट बिघडली असं तुम्ही म्हणताय. वॉर्डात निम्मे लोक "गोठलं, पॉझिटिव्ह" असं पण लिहितात. वारणाकाठ, प्रोफॉर्मावर नक्की काय छापलंय?

वारणाकाठ
"20 WBCT: Positive / Negative". बस एवढंच. समोर टिक.

मीनाक्षी_विश्रामबाग
म्हणूनच. दोन मिली रक्त कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये वीस मिनिटं ठेवून वाकडी केल्यावर वाहिलं का नाही, एवढाच निकाल असतो. तो शब्दात लिहा, पॉझिटिव्ह हा शब्द डिक्शनरीत येऊच देऊ नका.

आता एक करा. ॲडमिशनच्या तारखेनं शीट दोन भागात तोडा, सिनियरची एंट्री आणि इंटर्नची. दोन्ही भागात `wbct1` आडवं आणि `snake` उभं असा तक्ता काढा. घोणस-फुरशात न गोठलेले जास्त असायला हवेत, मण्यार-नागात जवळजवळ नसायला हवेत. कोड कुठल्या बाजूला पडतो ते दिसेल.

वारणाकाठ
काढलं. सिनियरच्या भागात घोणसवाले बहुतेक 1 आहेत. इंटर्नच्या भागात घोणसवाले बहुतेक 2 😐 आणि मण्यारवाले 1.

सदाशिवगड
मग इंटर्नचे उलटे करा, 1 चे 2 आणि 2 चे 1.

मीनाक्षी_विश्रामबाग
सरसकट नको. तक्ता एवढंच सांगतो की मधेच अर्थ बदलला. इंटर्न एकच होता का चार होते? चौघांत दोघांनी उलटं घेतलं असेल तर तुम्ही बरोबर असलेल्यांची पण वाट लावाल. शिवाय कोड पलटवायला आपण सापाचा आधार घेतोय, आणि साप पेशंटनं सांगितलेला, नागझरी दादांनी वर लिहिलंय ते आठवा. पुढं पेपरात तुम्ही म्हणणार घोणसवाल्यांत रक्त गोठत नाही, तर ते तुमच्या दुरुस्तीतूनच आलेलं असेल. वॉर्डच्या नोट्समधून ट्यूबचा निकाल घ्या. नोंद अशी होईल:

```
name:    wbct1_res
label:   ॲडमिशनची 20WBCT, ट्यूबमधला निकाल
values:  0 = गोठले, 1 = गोठले नाही
missing: -7 = केली नाही, -9 = नोंद सापडली नाही
raw:     wbct1 (1, 2, +ve, NC)
rule:    NC -> 1; बाकी सगळे वॉर्ड नोट्सवरून,
         नोट नसेल तर -9; कोडवरून अंदाज नाही
```

-7 आणि -9 वेगळे ठेवा. टेस्ट केलीच नाही आणि केली पण कागद हरवला यात फरक आहे, थीसिसमध्ये कुणीतरी विचारणारच.

`asv` मध्ये पण तेच. वरच्या पाच ओळींची सरासरी काढली तर 27.8 व्हायल येते, तो मिसिंगचा 99 काढला की 10. तिथला 0 मात्र खरा शून्य, दिलं नाही, तो मिसिंगमध्ये ढकलू नका.

वारणाकाठ
हे सगळं वॉर्डच्या रजिस्टरवरून परत काढायचं म्हणजे महिना जाईल ताई. सबमिशन आहे. सरांना एक वर्ड फाईल हवीय फक्त, कॉलमचं नाव, अर्थ, युनिट.

मीनाक्षी_विश्रामबाग
वर्ड फाईल आज रात्री होते. `plt` चा नियम, `btn_min` चा नियम, `outcome` ला चौथा कोड डामाचा, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता घरी गेलेल्यांचा, `sex` वगैरे किरकोळ. `wbct1` आणि `urea` समोर लिहा "दोन अर्थ आढळले, पडताळणी चालू". सर वाचतील आणि त्या दोन कॉलमचं ॲनालिसिस थांबवतील, बाकीचं सुरू करतील. खोटी व्याख्या लिहून दिली तर ते थांबणार नाहीत, एवढाच फरक.

कोयनेचं_पाणी
पीएचसीला आहे, पाटण. आमच्याकडून रेफर करताना आम्ही 10 व्हायल देऊन पाठवतो. तुमच्या `asv` मध्ये ती धरली का फक्त तुमच्याकडची? रेफरल चिठ्ठीवर लिहितो आम्ही पण पुढं कुणी बघत नाही हा अनुभव.

वारणाकाठ
बापरे. फक्त आमच्याकडची असावी. म्हणजे तो 0 आहे तो पण...

कोयनेचं_पाणी
हो. तो 0 वाला आमच्याकडंच 10 घेऊन आलेला असू शकतो. `asv_time` पण मग तुमची, पहिली सुई आमची.

मीनाक्षी_विश्रामबाग
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. `referred` असा कॉलम आहे का? असेल तर `asv_prior` आणि `asv_here` वेगळे करा, आणि `btn_min` रेफर झालेल्यांसाठी चिठ्ठीवरच्या वेळेनं. चिठ्ठी नसेल तर -9. रेफर झालेल्यांचा `btn_min` आत्ता सरांना देऊ नका.

वारणाकाठ
`referred` आहे, 1/2. त्यात 1 म्हणजे बाहेरून आलेला का आमच्याकडून पुढं पाठवलेला, ते बघावं लागेल 😑 `outcome` मध्ये पण 2 म्हणजे रेफर्ड आहे.

बरं, `plt`, `outcome`, वय, लिंग, साइट एवढं सरांना पाठवतो आज. `creat2` राहिलं, ते तरी ठीक आहे ना?

मीनाक्षी_विश्रामबाग
कधीचं आहे `creat2`? दुसऱ्या दिवशीचं का डिस्चार्जचं? केडिगोला 48 तासांत 0.3 वाढ लागते, नाहीतर सात दिवसांत मूळच्या दीडपट. तारखेशिवाय दोन्ही लावता येत नाही.

वारणाकाठ
तारीख नाहीये. एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड विभागात अर्ज दिलाय, केस पेपर उद्यापासून वीस वीस करून देतो म्हणाले. वॉर्डची नोट, लॅबचा कागद, चिठ्ठी, क्रिएटिनिनची तारीख सगळं एकाच वेळी उतरवून घेतो.

रिटायर्ड_लॅबवाले
लॅबचा कागद बघाल तेव्हा 22 वाला पहिला बघा आणि इथं येऊन सांगा. बीयूएनच निघणार, पैज लावतो.

हिंजवडी_रिटर्न
SE11 नसेल तर SE16 मध्ये टेबल दिसतंय का बघा.